अ, ॲन, द: कधी लावायचं आणि कधी मुळीच नाही? इंदूरच्या संध्याकाळच्या वर्गात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रामबागेत मी संध्याकाळी मोठ्यांना इंग्रजी शिकवते. वर्गात बँकेत काम करणारे आहेत, नुकतीच नोकरी लागलेली मुलं आहेत, आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या दोन आज्याही आहेत. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हीत आर्टिकल नाही. त्यामुळे तेच प्रश्न दर बॅचला येतात. ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने म्हणून पाहा, कारण आर्टिकल डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतं.

मराठीत आर्टिकलच नाही. मग वाक्य बोलताना ते मनात आणायचं कुठून?

शब्द नाही हे खरं, पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठी रोज करते. ही दोन वाक्यं बघा: ‘बाहेर कुत्रा उभा आहे’ आणि ‘कुत्रा बाहेर उभा आहे’. पहिलं वाक्य ऐकलं की कुठला तरी कुत्रा आलाय असं वाटतं. दुसऱ्यात आपला मोती, किंवा ज्याच्याबद्दल मघाशी बोलणं झालं तोच कुत्रा. शब्द तेच, फक्त जागा बदलली. इंग्रजीत पहिल्याचं होतं ‘देअर इज अ डॉग आउटसाइड’ आणि दुसऱ्याचं ‘द डॉग इज आउटसाइड’.

आता दुसरी जोडी. ‘आम्ही मुलगी शोधतोय’ म्हटलं की समोरचा विचारतो, मुलाचं लग्न काढलं का? ‘आम्ही मुलीला शोधतोय’ म्हटलं की तो घाबरून उठतो, कारण कुणाची तरी ठरावीक मुलगी हरवली आहे. तो एक ‘ला’ इथे जे सांगतो तेच इंग्रजीत ‘द’ सांगतं: वी आर लुकिंग फॉर अ गर्ल, वी आर लुकिंग फॉर द गर्ल. ही खूण माणसांच्या बाबतीत पक्की चालते, वस्तूंच्या बाबतीत नाही. ‘पुस्तक वाचलं’ यात पुस्तक कुठलंही असू शकतं आणि ठरावीकही. तिथे वाक्य पुन्हा मनात म्हणून बघावं लागतं.

म्हणजे नवीन काही शिकायचं नसून, जे मराठीत जागेने आणि प्रत्ययाने होतं ते इंग्रजीत वेगळ्या छोट्या शब्दाने करायचं आहे. इंग्रजीचे हे छोटे शब्दही आपल्या ओळखीच्या मुळांतूनच आलेत. ‘अ’ आणि ‘ॲन’ जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून झिजून बनले, आणि ‘द’ हा ‘तो, ते’ अशा दाखवणाऱ्या शब्दांच्या कुळातला. ‘एक राजा होता, तो राजा...’ ही आपली गोष्ट सांगायची चाल आर्टिकलच्या अगदी जवळची आहे.

शाळेत शिकवलं होतं, ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’. हा नियम बरोबर आहे ना?

अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच सगळ्यात जास्त चुका होतात. महत्त्व उल्लेख कितव्यांदा होतोय याला नाही. ऐकणाऱ्याला ती वस्तू नेमकी कोणती हे ओळखता येईल का, एवढाच प्रश्न असतो.

‘मी काल एका लग्नाला गेले. नवरी फार सुंदर दिसत होती.’ नवरीचा उल्लेख पहिल्यांदाच आलाय, तरी इंग्रजीत ‘द ब्राइड’ म्हणावं लागतं. लग्न म्हटलं की नवरी आलीच, आणि ती एकच, तेव्हा कोणती नवरी हा प्रश्न पडत नाही. तसंच घरात बसून ‘द किचन’, ‘द गॅस’, ‘द दूधवाला’. त्या घरातल्या माणसाला ते पहिल्यापासून ठाऊक असतात. सूर्य, आकाश, जमीन यांनाही ‘द’ त्याच कारणाने: द सन, द स्काय, द ग्राउंड.

उलट, एखादी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट आहे पण ऐकणाऱ्याला तिचा पत्ताच नाही, तेव्हा ‘अ’. मराठी माणूस इथे चुकतो, कारण आपण आपल्या मनातल्या वस्तूचा विचार करतो. ‘द’ लावताना विचार समोरच्याच्या मनाचा करायचा असतो.

काहीच लावायचं नाही असं कधी?

हा खरा अवघड भाग, आणि मराठी विद्यार्थी आर्टिकल विसरतो त्यापेक्षा जास्त वेळा ते इथे उगाच घालतो. आधी गळाल्याबद्दल बोलणी खाल्लेली असतात, मग धास्तीने प्रत्येक नामापुढे ‘द’ बसतो.

आधी एक न बदलणारी गोष्ट. मोजता येणारी वस्तू एकवचनात असेल, तर ती उघडी ठेवायची नाही. कॅट, बुक, डॉक्टर, शॉप यांच्यापुढे काहीतरी हवंच: अ, द, माय, धिस, एव्हरी, काहीही. ‘कॅट इज ॲनिमल’ हे इंग्रजी नाही. याला काही ठरलेले वाक्प्रचार तेवढे अपवाद आहेत, ते पुढे येतील.

म्हणजे उघडी राहू शकतात ती दोनच तऱ्हेची नामं: अनेकवचनी (चिल्ड्रन, मँगोज, पीपल) आणि मोजता न येणारी (वॉटर, राइस, म्युझिक, टाइम). आणि ती उघडी राहतात ती सबंध जातीबद्दल, एकूणच बोलताना, किंवा ‘थोडंसं, काही’ अशा मोघम अर्थाने बोलताना.

सराफ्याचं उदाहरण घेऊ. दिवसा सोन्याचांदीच्या दुकानांची गल्ली, रात्री खाण्याची. ‘लोक सराफ्यात जिलेबी खायला येतात’ म्हणजे ‘पीपल कम टू सराफा टू ईट जलेबी’. लोक म्हणजे कुठलेही लोक, जिलेबी म्हणजे एकूणच जिलेबी, दोन्ही उघडी. पण ‘काल आपण खाल्ली ती जिलेबी गार होती’ म्हणायचं असेल तर ‘द जलेबी वी एट लास्ट नाइट वॉज कोल्ड’. मराठीत आपसूक ‘ती’ आलं, इंग्रजीत ‘द’ आलं.

मी वर्गात एक परीक्षा देते. नामापुढे मनातल्या मनात तीन मराठी शब्द लावून पाहायचे. ‘एखादा’ शोभला तर अ. ‘तो, तुला माहीत असलेला’ शोभला तर द. ‘एकूणच’ शोभला तर रिकामं. ‘एकूणच मुलांना गोड आवडतं’ छान बसतं, म्हणून ‘चिल्ड्रन लाइक स्वीट्स’. ‘ती, तुला माहीत असलेली मुलं’ म्हटलं की अर्थच बदलतो, मग ‘द चिल्ड्रन’. ही परीक्षा सूर्याच्या बाबतीत फसते, कारण ‘तो सूर्य’ आपण म्हणत नाही. जगात एकच असलेल्या गोष्टींची यादी त्यामुळे वेगळी लक्षात ठेवावी लागते.

‘द नेचर इज ब्यूटिफुल’, ‘इन द सोसायटी’, ‘द लाइफ इज हार्ड’. ही वाक्यं चूक का?

तिन्ही नामं एकूणच या अर्थाने आली आहेत. निसर्ग एकच, म्हणून ‘द’ लावावा असं वाटतं, पण इंग्रजीत नेचर, सोसायटी, लाइफ ही पाण्यासारखी न मोजायची नामं धरतात: नेचर इज ब्यूटिफुल, इन सोसायटी, लाइफ इज हार्ड. गंमत अशी की पर्यावरणाला मात्र ‘दि एन्व्हायर्न्मेंट’ म्हणतात. अवकाश या अर्थी ‘इन स्पेस’ आणि समुद्राला ‘द सी’. याचं तर्कशुद्ध उत्तर देता येत नाही, ही नामं आर्टिकलसकट पाठच करावी लागतात.

याच ओळीत ‘मोस्ट’ येतो. ‘द मोस्ट पीपल’ हे मी दर आठवड्याला वहीत खोडते. बहुतेक लोक म्हणजे ‘मोस्ट पीपल’. त्या ठरावीक लोकांपैकी बहुतेक, असं असेल तर ‘मोस्ट ऑफ द पीपल’.

नामाच्या मागे ‘ऑफ’ किंवा ‘हू’ आलं की ‘द’ लावायचा, हे खरं का?

‘ऑफ’च्या बाबतीत बहुधा खरं. हिस्ट्री हा विषय उघडा, इंडियन हिस्ट्री उघडी, पण ‘द हिस्ट्री ऑफ इंदोर’. नुसतं विशेषण लावल्याने ‘द’ येत नाही, ‘ऑफ’ने कशाचा इतिहास ते बांधलं की येतो. ‘अ कप ऑफ टी’मध्ये मात्र कप कुठलाही आहे, म्हणून तिथे ‘अ’.

‘हू’च्या बाबतीत हा समज फसवतो. ‘इंदुरात राहणाऱ्या लोकांना पोहे आवडतात’ याचं भाषांतर वर्गात हमखास ‘द पीपल हू लिव्ह इन इंदोर’ असं येतं. ‘हू’ने लोक कमी झाले, पण नेमके कोण ते कुठे ठरलं? इंदुरात राहणारे एकूणच लोक, इतकाच अर्थ आहे. म्हणून ‘पीपल हू लिव्ह इन इंदोर लव्ह पोहे’. आणि ‘द पीपल हू लिव्ह अपस्टेअर्स’ म्हटलं की वरच्या मजल्यावरचं ते एक कुटुंब. समूह छोटा झाला की ठरावीक झाला, असा घोटाळा करू नका.

‘टू हॉस्पिटल’ आणि ‘टू द हॉस्पिटल’ यात फरक आहे का? दोन्ही ऐकलंय.

आहे, आणि माझ्या एका विद्यार्थ्याला तो चांगलाच जाणवला. त्याच्या कंपनीचे साहेब इंग्लंडला बसतात. त्याला ताप आला, तो दवाखान्यात जाऊन आला आणि त्याने मेल लिहिली. ती अशी होती:

‘आय हॅव फीवर अँड आय वेंट टू हॉस्पिटल. डॉक्टर हॅज टोल्ड मी टू टेक द रेस्ट फॉर टू डेज. आय विल सेंड द सर्टिफिकेट. प्लीज गिव्ह मी द लीव्ह.’

साहेबांचा लगेच फोन आला. कुठल्या वॉर्डात आहेस, कुणी जवळ आहे का? त्यांना वाटलं पोरगा भरती झालाय.

झालं होतं ते असं. शाळा, कॉलेज, तुरुंग, पलंग, आणि ब्रिटिश इंग्रजीत हॉस्पिटलही, यांचा मूळ कामासाठी उपयोग सांगायचा असेल तर आर्टिकल गळतं. ‘शी इज ॲट स्कूल’ म्हणजे शिकायला गेली आहे. ‘ही इज इन प्रिझन’ म्हणजे कैदी आहे. ‘ही इज इन बेड’ म्हणजे झोपला आहे. त्याच न्यायाने ब्रिटिश माणसाच्या कानाला ‘वेंट टू हॉस्पिटल’ म्हणजे रुग्ण म्हणून दाखल झाला. मुलाला आणायला शाळेच्या इमारतीत गेलात तर ‘आय वेंट टू द स्कूल’, डबा द्यायला किंवा तपासून घ्यायला दवाखान्यात गेलात तर ‘टू द हॉस्पिटल’. अमेरिकेत भरती झालेल्यालाही ‘इन द हॉस्पिटल’च म्हणतात, म्हणून तुम्ही दोन्ही ऐकलंय. मंदिराला ही सवलत नाही असं धरून चाला आणि ‘टू द टेंपल’ म्हणा.

आता ती मेल नामागणिक तपासू. ‘फीवर’ला आजच्या इंग्रजीत ‘अ’ लागतो, आय हॅव अ फीवर. आपल्याकडे तो सर्रास गाळतात. ‘हॉस्पिटल’ला ‘द’. ‘डॉक्टर’ एकवचनी आणि मोजता येणारा, उघडा राहूच शकत नाही. हॉस्पिटल म्हटलं की तपासणारा डॉक्टर आलाच, लग्नातल्या नवरीसारखा, म्हणून ‘द डॉक्टर’. ‘रेस्ट’ मोजता येत नाही आणि कुठलीही ठरावीक विश्रांती नाही, म्हणून ‘द’ काढायचा. ‘द सर्टिफिकेट’ वाचून साहेब विचारात पडणार, मी कुठलं सर्टिफिकेट मागितलं होतं? मागितलंच नव्हतं, म्हणून ‘अ सर्टिफिकेट’. मागितलं असतं तर ‘द’ बरोबर ठरला असता. ‘लीव्ह’ न मोजायचं, त्यालाही काही नको. सुधारलेली मेल अशी:

‘आय हॅव अ फीवर, सो आय वेंट टू द हॉस्पिटल. द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट फॉर टू डेज. आय विल सेंड अ सर्टिफिकेट. प्लीज गिव्ह मी लीव्ह फॉर टुडे अँड टुमॉरो.’

याच जातीचे आणखी ठरलेले प्रयोग: बाय बस, बाय ट्रेन, ऑन फूट, ॲट नाइट, ॲट होम, ॲट वर्क. जेवणांची नावंही उघडी, ‘आय हॅड लंच’. पण विशेषण लागलं की ‘अ हेवी लंच’. आणि ‘ॲट नाइट’ असलं तरी सकाळी म्हणजे ‘इन द मॉर्निंग’. याला कारण विचारू नका, रोज दहा वेळा म्हणा.

‘एक माहिती हवी होती’, ‘एक सल्ला’, ‘एक बातमी’. मग ‘ॲन इन्फर्मेशन’ का नाही?

इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, न्यूज, फर्निचर, लगेज, होमवर्क हे शब्द इंग्रजीत मोजत नाहीत. त्यांना ‘अ’ नाही आणि शेवटी एस लावून अनेकवचनही नाही. न्यूजच्या शेवटी एस दिसतो, तरी तो शब्द एकवचनीच धरतात. मराठीत बातम्या दहा असतात आणि सल्ले तर त्याहून जास्त, म्हणून हात तिकडे वळतो. एकच बातमी हवी असेल तर ‘अ पीस ऑफ न्यूज’, थोडा सल्ला हवा असेल तर ‘सम ॲडव्हाइस’.

अ आणि ॲन?

आवाज बघा, अक्षर नाही. ‘ॲन अवर’, कारण एच मुका आहे. ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण सुरुवात ‘यु’ने होते. ‘ॲन एमबीए’, कारण एमचा उच्चार ‘एम्’ आहे. ‘द’चंही तसंच: स्वराच्या आवाजापुढे तो ‘दि’ होतो, दि ॲपल.

गावांच्या आणि नद्यांच्या नावांपुढे ‘द’ लावायचा का?

गाव, राज्य, बहुतेक देश, माणूस, रस्ता यांना नाही: इंदोर, मध्य प्रदेश, एम. जी. रोड. नदीला हवा. आपल्या नळाला येणारं पाणी ‘फ्रॉम द नर्मदा’. तळ्याला नको, सिरपूर लेक. एकट्या डोंगराला नको, माउंट आबू, पण रांगेला हवा, द विंध्याज. घराण्याला हवा, द होळकर्स. नुसतं ‘माळवा’ उघडं, पण ‘द माळवा प्लॅटो’, कारण शेवटी सामान्य नाम आलं. ‘ऑफ’ आला की तोच खेळ: ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. देशाच्या नावात युनायटेड किंवा रिपब्लिक असेल तर हवा, द युनायटेड स्टेट्स.

‘आय ॲम टीचर’ चूक आहे, मग ‘शी इज सेक्रेटरी ऑफ द मंडळ’ कसं चालतं?

टीचर अनेक असतात, त्यांतली मी एक, म्हणून ‘अ टीचर’. व्यवसाय सांगताना ‘अ’ सोडायचा नाही. मंडळाची चिटणीस मात्र एकच असते. असं एकट्याचं पद क्रियापदानंतर आलं की आर्टिकल गाळता येतं, ‘दे इलेक्टेड हर सेक्रेटरी’. ‘द सेक्रेटरी’ म्हटलं तरी चूक नाही.

वर्तमानपत्रात तर आर्टिकल दिसतच नाहीत. ते चूक लिहितात का?

मथळ्यात जागा वाचवायला आर्टिकल आणि ‘इज, आर’ गाळायची रीत आहे. ‘बस हिट्स ट्री, थ्री इंजर्ड’ हा मथळा. त्याखालच्या बातमीत ‘अ बस हिट अ ट्री’ असंच येतं. पाट्या आणि औषधाच्या बाटलीवरच्या सूचनाही मथळ्यासारख्याच. आर्टिकलसाठी मथळा वाचू नका, पहिला परिच्छेद वाचा.

माझं लिखाण मी एकट्याने कसं तपासू?

एका वेळी एकच परिच्छेद घ्या आणि त्यातल्या प्रत्येक नामाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पहिल्या फेरीत फक्त मोजता येणारी एकवचनी नामं बघा, आणि उघडं असेल तिथे काहीतरी घाला. ही फेरी डोळे मिटूनही करता येईल इतकी यांत्रिक आहे, आणि बहुतेकांच्या निम्म्या चुका तिथेच सापडतात. दुसऱ्या फेरीत फक्त ‘द’ शोधा. प्रत्येक ‘द’पाशी थांबून वाचणाऱ्याच्या तोंडून ‘कोणता?’ असं विचारा. उत्तर कागदावर, किंवा त्याच्या माहितीत, असेल तर ‘द’ राहील. नसेल तर एकवचनाला ‘अ’ द्या, आणि अनेकवचन किंवा न मोजायचं नाम असेल तर नुसता पुसून टाका. माय, हिज, धिस यांच्या शेजारी आर्टिकल बसलं असेल तर तेही काढा, एका नामाला दोघं नकोत.

आमच्या वर्गातल्या एका आजींनी नातवाला लिहिलेलं वाक्य या फेरीत आलं: ‘आय मेड द लाडूज फॉर द यू.’ ‘यू’पुढचा ‘द’ त्यांनी लगेच पुसला. ‘लाडूज’पुढे मात्र पेन्सिल थांबली. मी विचारलं, कोणते लाडू? त्या म्हणाल्या, तो मागच्या आठवड्यात फोनवर मागत होता ना, तेच. मग तो ‘द’ मी तसाच राहू दिला.